धुलाई यंत्राचे वाहते पाणी : दोष यंत्राचा की जोडणीचा?

अक्कलकुवा, खापर, तळोदा या आपल्या बाजारपेठांत कपडे धुण्याचे यंत्र ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. यंत्र विकणारे दुकानदार, ते बसवणारे मिस्त्री, नळकाम करणारे आणि मोरीची भिंत फोडणारे गवंडी या सर्वांना त्यातून काम मिळते. मात्र या चौघांच्या मध्ये एक तक्रार वारंवार लोंबकळत राहते. ग्राहक म्हणतो, "मशीन पाणी घेतच राहते, पण भरत नाही." दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, मिस्त्री पंप किंवा सर्किट बदलायला सांगतो, आणि नळकाम करणारा म्हणतो की माझे काम पक्के आहे, एक थेंब गळत नाही.

आमच्या मते अशा तक्रारीत यंत्राला हात लावण्यापूर्वी मागची नळी पाहिली पाहिजे. अनेकदा यंत्र निर्दोष असते आणि ज्या "पक्क्या" कामाचा अभिमान बाळगला जातो, तेच पाणी वाहण्याचे कारण असते.

पिंपातून डिझेल कसे काढतात हे कोणाला सांगायला नको. नळीचे एक टोक पिंपात, दुसरे खाली डब्यात. एकदा ओढून नळी भरली की पुढे ओढावे लागत नाही, डिझेल पिंपाच्या काठावरून चढून आपोआप खाली येत राहते. यालाच सायफन म्हणतात. त्याला दोनच गोष्टी लागतात : नळी भरलेली असावी आणि तिचे बाहेरचे टोक आतल्या पातळीपेक्षा खाली असावे. नळीत वाटेत हवा शिरली की धार तुटते.

पंप असलेल्या यंत्राच्या मागची नळी हेच काम करू शकते. टबातील मळके पाणी पंप नळीतून वर फेकतो, म्हणजे ओढण्याचे काम पंपाने करून ठेवलेले असते. आता नळीचे टोक टबातील पाण्याच्या पातळीखाली असेल, तर पंप थांबल्यावरही पाणी जातच राहते. दुसरीकडे यंत्र नवे पाणी घेत असते. जेवढे येते तेवढे जाते. टबातील पाण्याची पातळी ओळखणारा स्विच भरल्याची खूण देत नाही, आणि यंत्र वाट पाहत राहते. अलीकडची यंत्रे ठरावीक वेळानंतर थांबतात आणि पडद्यावर IE किंवा 4C अशी खूण दाखवतात. त्या खुणेचा अर्थ एवढाच की पाणी वेळेत भरले नाही. पाणी आलेच नाही की येऊन निघून गेले, हे ती खूण सांगत नाही. म्हणूनच नुसती खूण वाचून पाणी घेणारा व्हॉल्व्ह बदलला जातो आणि तक्रार तशीच राहते.

अक्कलकुव्यातील एक साधे घर डोळ्यांसमोर आणू. गच्चीवर 500 लिटरची टाकी आहे. यंत्र वरून झाकण उघडणारे, पंपाचे आहे. पूर्ण भरल्यावर त्यातील पाणी जमिनीपासून सुमारे 2 फुटांवर येते. बसवणाऱ्याने नळी यंत्राच्या पाठीमागे दीड फुटावर अडकवली, तेथून खाली आणली आणि जमिनीपासून अर्ध्या फुटावर भिंतीतल्या 1 इंची पाइपात घट्ट खोचली. गटाराचा वास येऊ नये म्हणून सांध्याला चिंधी गुंडाळून वरून एम-सील लावले. दिसायला काम नीटनेटके झाले.

यंत्र सुरू केल्यावर पाणी दीड फुटापर्यंत चढते आणि नळीच्या वळणावरून पलीकडे जाऊ लागते. 2 फुटांची खूण कधीच येत नाही. टाकी फार उंच नसल्याने नळाला जोर कमी, मिनिटाला 5 लिटर पाणी येते असे धरू. यंत्राने 15 मिनिटे वाट पाहिली तर 75 लिटर गेले. घरच्यांनी तीनदा चालू-बंद करून पाहिले तर 225 लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धी टाकी, एकही कपडा न धुता गटारात गेली. उन्हाळ्यात ज्या घरी पाणी एक दिवसाआड येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, त्या घराला हे नुकसान पंपाच्या किमतीपेक्षा जड वाटते.

आता मिस्त्री येतो आणि नळीचे वळण 3 फुटांवर टांगतो, पण टोक खालच्या पाइपात तसेच ठेवतो. पहिली धुलाई ठीक होते, कारण पाणी 3 फुटांवर चढत नाही. पुढे पंप मळके पाणी फेकतो तेव्हा मात्र नळी वळणासकट भरते. पंप थांबताना तळाशी पाणी उरले असेल तर धार तुटत नाही, आणि खळबळण्यासाठी आलेले स्वच्छ पाणी तिच्या मागोमाग निघून जाते. ग्राहक म्हणतो, "धुते बरोबर, खळबळताना अडते." मग संशय पुन्हा यंत्रावर जातो. येथेच समजून घेण्यासारखा मुद्दा आहे. वळण उंच असून भागत नाही. टोक उंच हवे आणि टोकाभोवती हवा हवी.

यासाठी यंत्राशेजारी भिंतीला 2 इंची पीव्हीसी पाइप उभा करावा. त्याचे वरचे तोंड जमिनीपासून अडीच ते 3 फुटांवर असावे. बहुतेक पंपाच्या यंत्रांच्या पुस्तिकेत 60 ते 100 सेंटीमीटर ही मर्यादा सापडते. आपल्या यंत्राचे पुस्तक जे सांगेल ते अंतिम मानावे. टोक टबातील पूर्ण भरलेल्या पाण्यापेक्षा उंच राहील, हे खालच्या मर्यादेचे कारण. फार उंच नेल्यास लहान पंपाला पाणी चढवता येत नाही आणि ते परत टबात उतरते, हे वरच्या मर्यादेचे कारण.

नळी या पाइपात 4 ते 5 इंच आत सोडावी आणि निसटू नये म्हणून बाहेरून बांधावी. नळी आणि पाइप यांच्यामधली मोकळी जागा बुजवू नये. चिंधी नको, टेप नको, एम-सील नको. या फटीतून हवा आत जाते म्हणून धार तुटते. तोंड बुजवले आणि खालचा पाइप अरुंद असला, तर नळी व पाइप मिळून एकच लांब नळी होते आणि 3 फुटांची उंची व्यर्थ जाते. याच मोकळ्या जागेचा दुसरा उपयोग म्हणजे गटार तुंबले तर घाण पाणी फटीतून बाहेर येऊन दिसते, टबातल्या कपड्यांत परत जात नाही.

वासाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचा उपाय वरच्या तोंडाशी नसून खाली आहे. उभा पाइप नाहणी ट्रॅपला जोडावा, किंवा खाली यू आकाराचे वळण द्यावे. त्यात साचून राहणारे पाणी वास अडवते. पाइपाच्या तोंडातून पाणी उसळत असेल तरीही तोंड बुजवू नये. बादलीभर पाणी वेगाने ओतून पाहावे. पाणी वर चढले तर पाइप तुंबलेला किंवा अरुंद आहे, आणि काम तेथे करायचे आहे.

काही घरी हे पाणी मोरी धुण्यासाठी पिंपात साठवतात. चांगली सवय आहे, पण नळीचे टोक पिंपातल्या पाण्यात बुडवू नये. पिंपातील पाणी टबापेक्षा वर असेल तर मळके पाणी उलटे टबात येऊ शकते, खाली असेल तर टब रिकामा होत राहतो. टोक पिंपाच्या काठावर, पाण्याच्या वर बांधावे.

दोष सायफनचाच आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. टबात पाणी असताना आणि नळीतून धार चालू असताना यंत्र बंद करून प्लग काढावा. पाणी तरीही वाहत राहिले तर पंपाचा दोष नाही. मग नळीचे टोक पाइपातून सोडवून टबाच्या पातळीच्या वर धरावे. धार थांबली तर जोडणी चुकली आहे. उलट प्लग काढताच धार थांबत असेल तर पंप नको तेव्हा चालतो आहे, आणि यंत्र उघडणे रास्त ठरते. प्लग काढूनही टबात नवे पाणी येतच असेल, तर पाणी घेणारा व्हॉल्व्ह बंद होत नाही असे समजावे.

एक सावधगिरी मात्र हवी. सर्व यंत्रांना पंप नसतो. बहुतेक दोन टबांच्या अर्धस्वयंचलित यंत्रांत आणि काही वरून उघडणाऱ्या स्वयंचलित यंत्रांतही पाणी आपल्या भाराने खाली उतरते. त्यांची नळी जमिनीलगतच असावी लागते. ती 3 फुटांवर टांगली तर पाणी बाहेरच पडणार नाही. अशा यंत्रातून पाणी सतत जात असेल तर आतला निचऱ्याचा व्हॉल्व्ह पाहावा. त्याच्या रबरात शर्टाचे बटण, दोऱ्याचा गुंता किंवा रेती अडकलेली असते. म्हणून भिंत फोडण्यापूर्वी यंत्र पंपाचे आहे की नाही, हे दुकानदारानेच ग्राहकाला सांगितले पाहिजे.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. आज यंत्र दुकानदाराचे, पाइप नळकाम करणाऱ्याचा आणि भिंत गवंड्याची, त्यामुळे नळीचे टोक कोणाचेच नसते. आमच्या मते जो नळी जोडतो, टोक त्याचे. त्याने पावतीवर तीन गोष्टी लिहून द्याव्यात : यंत्र पंपाचे की भाराने निचऱ्याचे, टोक जमिनीपासून किती उंच, आणि तोंड मोकळे ठेवून एकदा पूर्ण धुलाई खळबळण्यासह चालवून पाहिली की नाही. या चाचणीला तासभर लागतो. तो वेळ मजुरीत उघडपणे धरावा, ग्राहक देतील. ज्याचा पंप धड आहे त्याला नवा पंप विकून मिळालेले पैसे मात्र रास्त कमाई नव्हे, आणि लहान गावात अशी गोष्ट लपूनही राहत नाही. आधी नळी पाहणाऱ्या मिस्त्रीला त्या दिवशी फक्त 3 फूट पाइप, एक एल्बो आणि दोन क्लॅम्पचे काम मिळेल. पुढच्या वेळी खरोखरच पंप जळाला तर मात्र लोक त्यालाच बोलावतील.