वर्षअखेरची क्रेडिट नोट म्हणजे बक्षीस नव्हे

कृषी सेवा केंद्रवाल्यांच्या बैठकांत सध्या एक मत छातीठोकपणे मांडले जाते. मांडणारे गृहस्थ सल्ला देण्याचे पैसे घेतात, म्हणून त्यांच्या मताची दखल घेणे भाग आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कंपनीने वर्षभराच्या उलाढालीवर दिलेले रिबेट ही दुकानदाराच्या मेहनतीची कमाई आहे, ते ‘स्कीम उत्पन्न’ म्हणून जमा करावे. खरेदीची बिले केव्हाच मिटली, त्यांना हात लावू नये. आणि इनपुट टॅक्स उलटवायचा प्रश्नच येत नाही, कारण ‘सर्क्युलर आले आहे’.

सोयगाव तालुक्यात कापसाच्या हंगामावर चालणारी बरीच दुकाने आहेत. त्यांचा माल जळगावहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून येतो आणि कीटकनाशकांच्या पुरवठादारांशी टर्नओव्हर डिस्काउंटचा करार असतो. या दुकानांची वह्या-पुस्तके लिहिणारा माणूस म्हणून मी सांगतो, हा सल्ला ऐकणाऱ्याला नोटीस येईल आणि देणारा त्या दिवशी फोन उचलणार नाही.

सर्क्युलरपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे १२ सप्टेंबर २०२५ चे परिपत्रक क्रमांक २५१ असे सांगते की, पुरवठादाराने व्यावसायिक क्रेडिट नोट दिली असेल तर खरेदीदाराला क्रेडिट उलटवावे लागत नाही. त्याचे कारणही तेथेच दिले आहे. अशा नोटेने मूळ व्यवहाराचे करपात्र मूल्य कमी होत नाही आणि पुरवठादाराचा करही कमी होत नाही. या गृहस्थांनी ‘व्यावसायिक’ हा शब्द गाळला, कारणही गाळले, आणि उरलेले वाक्य सगळ्या क्रेडिट नोटांना लावून टाकले. कायद्याचे अर्धे वाक्य वाचून लोकांच्या पैशाबाबत सल्ला देणे हा बेजबाबदारपणा आहे. त्याला मी दुसरे नाव देणार नाही.

क्रेडिट नोट दोन जातींची असते, आणि कोणती कोणत्या जातीची हे ती हातात घेऊन पाहिले की कळते. पहिल्या जातीत कराचे रकाने भरलेले असतात. ही केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३४ खालची नोट. पुरवठादार ती आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवतो, आपला भरलेला कर तितका कमी करून घेतो आणि ती खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटते. दुसऱ्या जातीत फक्त रक्कम असते, कर नसतो. ती पोर्टलवर दिसत नाही. पुरवठादाराने कर पूर्वीसारखाच सोसलेला असतो.

एक हिशेब मांडतो. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, दर मात्र खरा आहे. रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के कर लागतो. समजा दुकानदाराने २०२४-२५ मध्ये एका पुरवठादाराकडून करापूर्वी २०,००,००० रुपयांचा माल घेतला. त्यावर कर ३,६०,००० रुपये, आणि तो त्याने इनपुट क्रेडिट म्हणून घेतला. एप्रिल २०२४ मध्येच करार झाला होता की खरेदी १८ लाखांपुढे गेली तर चार टक्के रिबेट मिळेल. म्हणजे रिबेट ८०,००० रुपये. मे २०२५ मध्ये नोट आली.

नोट पहिल्या जातीची असेल तर तिच्यावर मूल्य ८०,०००, केंद्राचा कर ७,२००, राज्याचा कर ७,२०० आणि एकूण ९४,४०० असे लिहिलेले असेल. वहीत पुरवठादाराच्या खात्याला ९४,४०० नावे पडतील. त्यातले ८०,००० खरेदीतून वजा होतील आणि १४,४०० इनपुट टॅक्सच्या दोन खात्यांतून जातील. मेच्या जीएसटीआर-३बी मध्ये चौथ्या तक्त्यात क्रेडिट घेताना ही रक्कम वजा करूनच आकडा भरायचा. नोट दुसऱ्या जातीची आणि ८०,००० चीच असेल तर पुरवठादाराला ८०,००० नावे, खरेदीतून ८०,००० वजा, आणि ३,६०,००० च्या क्रेडिटला धक्का नाही.

आता दुकानदाराच्या हाती काय राहिले ते पाहा. पहिल्या रीतीत पुरवठादाराचे देणे ९४,४०० ने कमी झाले, पण १४,४०० चे क्रेडिट गेले. निव्वळ फायदा ८०,०००. दुसऱ्या रीतीतही ८०,०००. दोन्हींत त्याला मिळते ते तेवढेच. फरक पुरवठादाराला पडतो, कारण दुसऱ्या रीतीत त्याला १४,४०० चा कर परत मिळत नाही. ‘क्रेडिट उलटवले तर रिबेटचा काही भाग बुडतो’ ही जी भीती बैठकीत विकली जाते, तिला हिशेबात कोठेही जागा नाही.

त्या गृहस्थांच्या रीतीने मात्र पहिल्या जातीच्या नोटेचे ९४,४०० सगळेच्या सगळे उत्पन्नात जातात आणि क्रेडिट जसेच्या तसे राहते. यातले १४,४०० कोणाचे? पुरवठादाराने ते सरकारकडून आपल्या करात कमी करून घेतले, दुकानदाराने तेच आपल्या क्रेडिटमध्ये ठेवले. एकाच कराची वजावट दोघांनी घेतली. याला मेहनतीची कमाई म्हणायला मन धजावते कसे? क्रेडिट वापरून टाकले असेल तर त्यावर १८ टक्क्यांनी व्याज लागते, वर्षाला २,५९२ रुपये. दंड वेगळा. शिवाय ज्या १४,४०० ला उत्पन्न म्हटले, त्यावर आयकरही भरला जातो. परक्याच्या पैशावर आपण कर भरायचा आणि मग तो पैसा व्याजासह परत करायचा, असा हा फायदेशीर सल्ला.

२०२५ च्या वित्त अधिनियमाने कलम ३४ मध्ये हे आणखी घट्ट केले. नोंदणीकृत खरेदीदाराने क्रेडिट उलटवलेले नसेल तर पुरवठादाराला आपला कर कमी करता येत नाही. त्यामुळे पुरवठादाराचा माणूस आता स्वतःच विचारत येतो. त्यावर या गृहस्थांकडे तयार उत्तर आहे: इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये नोट रिजेक्ट करा. रिजेक्ट केली की तो कर पुढच्या महिन्यात पुरवठादाराच्या माथी परत चढतो. ज्याच्याकडून जूनमध्ये उधारीवर माल उचलायचा आहे, त्याच्याशी असे वागून पाहावे. आणि काहीच न करता बसलात तर नोट मान्य केली असे धरले जाते.

हा वाद नवा नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हाही ‘बिल मिटले, सेट-ऑफ मिटला’ हेच पालुपद होते. तेव्हाही ज्यांनी ते ऐकले त्यांना असेसमेंटच्या वेळी जुने गठ्ठे उपसावे लागले. तेव्हा निदान जुळवणी हाताने व्हायची. आज पुरवठादाराने नोट चढवली की ती २बी मध्ये तुमच्या नावासमोर दिसते. तरीही तोच युक्तिवाद तसाच वापरला जातो, याचा मला खरोखर राग येतो.

‘मेहनतीची कमाई’ या मुद्द्याला एक ओळ पुरे. रिबेट हा तुमच्या सेवेचा मोबदला आहे असे तुम्हीच वहीत लिहिलेत, तर त्या सेवेवर १८ टक्के कर का भरला नाही हा प्रश्न तुम्हीच ओढवून घेता. परदेश सहल किंवा सोन्याचे नाणे मिळाले तर गोष्ट निराळी. तेथे १ जुलै २०२२ ला १९४आर कलमाने टीडीएस आला. पण साध्या विक्री-सवलतीला आणि रिबेटला ते लावायचे नाही, असे आयकर खात्याने त्याच वर्षी सांगितले आहे.

खरेदीतून वजा का करायचे, हे आता सांगतो. लेखा मानक २ सांगते की मालाची किंमत काढताना व्यापारी सूट आणि रिबेट वजा करावे. वरच्या उदाहरणात ३१ मार्चला पाव माल, म्हणजे पाच लाखांचा, गोदामात पडून असेल, तर त्याची खरी किंमत ४,८०,००० आहे. पूर्ण ८०,००० उत्पन्नात धरले तर न विकलेल्या मालावरचा २०,००० चा नफा आधीच दाखवला जातो. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही माल तेवढा फुगतो. आणि पुढच्या हंगामाचा भाव ठरवताना दुकानदार डब्याची चुकीची पडतळ धरून बसतो. लक्ष्य ३१ मार्चपूर्वी पुरे झाले असेल आणि नोट मेमध्ये येणार असेल, तर रिबेट येणे म्हणून मार्चमध्येच धरावे. कराचे उलटवणे मात्र नोट येईल त्या महिन्यातच करायचे.

प्रत्यक्षात गडबड कोठे होते ते माझ्या टेबलावर दिसते. कागदावर ‘क्रेडिट नोट’ छापलेले पाहून नवखा मुनीम टॅलीत क्रेडिट नोटचे व्हाउचर उघडतो. ते विक्री परत आल्याचे व्हाउचर आहे. मग विक्री घटते, विक्रीवरचा कर घटतो, आणि खरेदी तशीच राहते. पुरवठादाराची क्रेडिट नोट आपल्या टॅलीत डेबिट नोटच्या व्हाउचरने घ्यायची असते. जीएसटीआर-१ मध्ये एखाद्या महिन्यात विक्री कारण नसताना कमी दिसली, तर मी आधी येथेच पाहतो.

दुसरी अडचण एकूण रकमेची. काही पुरवठादार चार टक्के करासकट बिलावर, म्हणजे २३,६०,००० वर काढतात, आणि ९४,४०० ची कर नसलेली नोट देतात. वर पाहिलेल्या करवाल्या नोटेची एकूण रक्कमही हीच होती. आकडा पाहून ठरवणारा येथे हमखास फसतो. येथे पूर्ण ९४,४०० खरेदीतून वजा होतात आणि क्रेडिटला हात लागत नाही.

तारखेचेही ध्यान ठेवा. २०२४-२५ च्या मालावरची करवाली नोट पुरवठादाराला ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या विवरणात, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरले असेल तर त्या दिवसापर्यंतच दाखवता येते. त्यानंतर येईल ती व्यावसायिकच. करवाली नोट देण्याचा हक्कही ज्याने बिल केले त्यालाच आहे. माल जळगावच्या वितरकाकडून आला आणि रिबेट थेट कंपनीने दिले, तर कंपनीच्या नोटेवर कर असू शकत नाही. बियाण्यावर कर नाही, म्हणून बियाण्याचे रिबेट त्याच नोटेत असेल तर ते वेगळे काढून घ्या.

सोयगाव, बनोटी, फर्दापूरच्या दुकानदारांना माझी विनंती आहे. या वर्षीची प्रत्येक नोट फाइलला लावण्यापूर्वी तिच्यावरचा कराचा रकाना पाहा, त्या महिन्याच्या २बी शी जुळवा, आणि ‘स्कीम उत्पन्न’ नावाचे खाते उघडले असेल तर हिशेबनीसाला बोलावून ताळेबंदापूर्वी ते खरेदीत वळवून घ्या.