रेकॉर्डिंगची लिंक नको, एक पान द्या

नाशिकमध्ये आपल्या वस्त्यांत आता करिअर गाइडन्सची सत्रं बऱ्यापैकी होतात. समुपदेशक तासभर मनापासून बोलतात, कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करतं आणि संध्याकाळी मुलाच्या व्हॉट्सॲपवर ऑडिओ फाइल जाते. माझं म्हणणं असं की काम इथे अर्धंच झालेलं असतं. ७० मिनिटांची फाइल पुन्हा कुणी ऐकत नाही. मुलाच्या लक्षात दोन-तीन वाक्यं राहतात आणि बहुतेक वेळा त्या वाक्यांना जोडलेल्या अटी गळून गेलेल्या असतात. म्हणून प्रत्येक सत्रानंतर एका स्वयंसेवकाने रेकॉर्डिंग ऐकून एक पान तयार करावं. त्यात तीनच भाग असावेत: कोणते पर्याय बोलले गेले, त्यासाठी कोणत्या प्रवेश परीक्षा, आणि आता पुढे काय करायचं.

एक उदाहरण धरू. वडाळ्यातली बारावी सायन्सची मुलगी. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. अब्बा रिक्षा चालवतात. घराणं बागवान, म्हणजे ओबीसी यादीतलं. जातीचा दाखला आहे, पण जात वैधता प्रमाणपत्र नाही. सत्रात तीन पर्याय निघाले: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बी. फार्म आणि बीसीए. समुपदेशकांच्या तोंडून ओघात तीन वाक्यं गेली: “इंजिनिअरिंगला ४५ टक्के पुरे”, “बीसीएला परीक्षा नसते”, “मुलींना फी माफ आहे”. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. पण ही वाक्यं जशीच्या तशी कागदावर उतरली, तर ती मुलगी तीन ठिकाणी फसेल.

पहिलं वाक्य पात्रतेचं आहे. पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात, पण ते फक्त दारात उभं राहण्यासाठी. राज्याच्या कॅप फेऱ्यांत कॉलेज मिळतं ते मुख्यतः एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. म्हणून पानावर “पात्रता” आणि “गुणवत्ता” या दोन वेगळ्या ओळी हव्यात.

दुसरं वाक्य काही वर्षांपूर्वी खरं होतं. पुढे एआयसीटीईने बीसीए, बीबीएसारखे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि २०२४ पासून महाराष्ट्रात एआयसीटीई-मान्य बीसीएसाठी वेगळी सीईटी सुरू झाली. रेकॉर्डिंगमधला अनुभवी माणूस जुन्या नियमावर बोलत असू शकतो, आणि ऐकणाऱ्याला ते आवाजावरून कळत नाही. त्यामुळे परीक्षेबद्दलची प्रत्येक ओळ सीईटी सेलच्या `cetcell.mahacet.org` या साइटवर तपासूनच लिहावी आणि पुढे तपासल्याची तारीख टाकावी.

तिसऱ्या वाक्यात सगळ्यात जास्त अटी दडलेल्या आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लागू नाही. हॉस्टेल आणि बसचा खर्च घरालाच करावा लागतो. आपल्या या मुलीला ही सवलत ओबीसी म्हणून मिळायची असेल, तर प्रवेशाच्या वेळी ओबीसीची कागदपत्रं पूर्ण हवीत. म्हणजे तिचा पहिला अडथळा वैधता प्रमाणपत्राचा आहे, आणि ७० मिनिटांत त्यावर कदाचित अर्धं मिनिटच बोलणं झालं असेल.

सारांश लिहिणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. ज्या विषयावर जास्त वेळ बोलणं झालं तो मोठा, असं धरलं तर पान चुकतं. ज्या गोष्टीला सर्वात जास्त दिवस लागणार, ती सगळ्यात वर यायला हवी. ओबीसी वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. आपल्याकडे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर अनेकदा नुसतं “मुसलमान” लिहिलेलं असतं, जात लिहिलेलीच नसते. मग चुलत आजोबांचे दाखले किंवा जुनी महसुली नोंद शोधण्यात आठवडे जातात. हे काम निकालानंतर सुरू केलं तर उशीर होतो.

आता त्या मुलीचं पान असं दिसेल:

पर्याय: (१) कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, तिची पहिली पसंती. (२) बी. फार्म, अम्मींची पसंती. तिने “विचार करते” म्हटलं. (३) बीसीए, राखीव पर्याय. नीट नको, असं तिने स्वतः सांगितलं. कारण: पुन्हा एक वर्ष द्यायची तयारी नाही.

परीक्षा: एमएचटी-सीईटी, पीसीएम गट. बी. फार्मलाही हा गट चालतो, त्यामुळे दोन्ही पर्याय एकाच परीक्षेत बसतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. बीसीएची सीईटी वेगळी आणि तिचा अर्जही वेगळा.

पुढची पावलं: या आठवड्यात अब्बांनी आजोबांच्या शाळेतून दाखल्याची प्रत मागायची. पंधरा दिवसांत कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करायचा आणि पोचपावती जपायची. नॉन-क्रीमी लेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जायचं. सीईटीची नोंदणी सहसा हिवाळ्यात सुरू होते, तेव्हा साइट पाहायचं काम मुलीचं.

या पानात नाकारलेला पर्यायही कारणासकट लिहिलाय. तो नसेल तर दोन महिन्यांनी एखादे मामू विचारतात, “नीट का नाही?” आणि घरात चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रत्येक पावलापुढे एक माणूस आणि एक मुदतही असावी. “कागदपत्रं तयार ठेवावीत” अशा ओळीवर कुणीच काही करत नाही.

पान करताना तीन शिस्ती पाळाव्यात असं मला वाटतं. पहिली, प्रत्येक मुद्द्यापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ लिहा, जसं ३४:१०. शंका आली तर तेवढंच ऐकता येतं. दुसरी, समुपदेशक काय म्हणाले, मुलगी काय म्हणाली आणि तपासल्यावर काय निघालं, हे वेगळं दिसू द्या. लिहिणाऱ्याने स्वतःचा सल्ला त्यात घुसवू नये. “ही मुलगी फार्मसीत चमकेल” हे तुमचं मत आहे, सत्राचा भाग नाही. तिसरी, पान पाठवण्याआधी मुलीला फोनवर वाचून दाखवा. ती म्हणाली “मी असं म्हटलं नव्हतं”, तर ओळ बदला.

भाषेचंही पाहा. सेतू केंद्रातलं काम मराठीत चालतं, म्हणून पान मराठीत असलेलं बरं. पण अम्मी उर्दू वाचत असतील किंवा वाचतच नसतील, तर तेच मुद्दे घरच्या बोलीत तीन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. निर्णयात त्यांचा वाटा असतो, मग माहितीतही असावा.

एक गोष्ट मात्र पानावर येऊ नये. सत्रात घरातलं आजारपण, कर्ज, लग्नाचा विषय निघतो. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये असतं आणि पान मात्र भावंडं, शेजारी, क्लासचे सर अशा हातांत फिरतं. तिथे “घरची अडचण, नाशिकबाहेर नको” एवढं लिहिलं तरी पुरतं. रेकॉर्डिंग करण्याआधी मुलीची आणि घरच्यांची परवानगी घ्या, ते ग्रुपवर टाकू नका आणि प्रवेश पक्का झाला की पुसून टाका.

७० मिनिटांच्या सत्राला असं पान करायला, तपासणीसकट दोन-अडीच तास जातात. दहा मुलांचं सत्र असेल तर पाच स्वयंसेवकांनी दोन-दोन पानं घ्यावीत. एवढी माणसं नसतील, तर पुढच्या वेळी कमी मुलांना बोलवा.