तारीख १२ एप्रिलची नव्हे, २६ मार्चची

शुक्रवार, १२ एप्रिल २०२४. पालो अल्टो नेटवर्क्सने आपल्या फायरवॉलमधली एक त्रुटी जाहीर केली: CVE-2024-3400, गंभीरता दहापैकी दहा. फायरवॉलवर ग्लोबलप्रोटेक्ट हे व्हीपीएन सुरू असेल, तर इंटरनेटवरून कोणीही, कसलाही पासवर्ड न देता, त्या यंत्रावर root हक्काने आज्ञा चालवू शकत होता. पॅच तयार नव्हता. पहिले हॉटफिक्स रविवारी, १४ तारखेला आले.

अनेक कार्यालयांत या घटनेची नोंद एका ओळीत संपली: ‘हॉटफिक्स लावला, तिकीट बंद.’ या ओळीला माझा ठाम विरोध आहे. कारण हा हल्ला ज्यांनी पकडला त्या व्होलेक्सिटी या कंपनीला मागे शोधत जाताना सर्वांत जुनी खूण सापडली ती २६ मार्चची. म्हणजे त्रुटी जगाला कळण्याआधी सतरा दिवस हल्लेखोर तिचा वापर करत होते. पॅच उद्याचा माणूस अडवतो, पण कालचा माणूस आत आहे का, हे तो सांगत नाही.

मुळात घडत काय होतं ते पाहू. व्हीपीएनला जोडणारा प्रत्येक जण कुकीमधून आपला सत्र-क्रमांक पाठवतो. फायरवॉल हा क्रमांक न तपासता फाइलचं नाव म्हणून वापरत होता. त्यामुळे क्रमांकाच्या जागी `../../` असा मार्ग पाठवला, की हव्या त्या फोल्डरमध्ये हव्या त्या नावाची रिकामी फाइल तयार होई. रिकाम्या फाइलने काय बिघडणार? इथे दुसरी चूक येते. कंपनीकडे यंत्राची माहिती पाठवणारं टेलिमेट्रीचं काम ठरावीक वेळाने चाले आणि आपल्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं थेट शेलच्या आज्ञेत घाली. नावातच आज्ञा लपवली असेल, तर ती चालून जाई.

म्हणूनच कंपनीचा सुरुवातीचा एक सल्ला होता की टेलिमेट्री बंद करा. चार दिवसांनी तो मागे घ्यावा लागला, कारण टेलिमेट्री बंद असतानाही हल्ला शक्य होता. शुक्रवारी ते बटण बंद करून निश्चिंत झालेल्यांना मंगळवारी पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागलं. पहिल्या दिवसाचा तात्पुरता उपाय हा दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचाच असतो.

आता पुण्याजवळचा एक कारखाना कल्पू. दोन फायरवॉल, बाहेरच्या कामगारांसाठी व्हीपीएन, सगळं सांभाळायला दोन माणसं. शुक्रवारी रात्री त्यांनी काय करावं?

पहिला प्रश्न: आपण उघडे आहोत का? उत्तराला दोन गोष्टी लागतात. आवृत्ती 10.2, 11.0 किंवा 11.1 या मालिकेतली आहे का, आणि ग्लोबलप्रोटेक्टचा गेटवे किंवा पोर्टल मांडलेला आहे का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर आपण उघडे. हे प्रत्यक्ष यंत्रावर बघायचं, खरेदीच्या यादीत नव्हे. जुन्या शाखेतला, कोणीच न वापरणारा पोर्टल नेमका यादीत नसतो. आणि प्रश्न ‘आज उघडे आहोत का’ एवढाच नाही, ‘२६ मार्चपासून केव्हाही होतो का’ असा आहे.

उघडे असू तर दार झाकायचं. थ्रेट प्रिव्हेन्शनची वर्गणी असेल तर 95187 ही सिग्नेचर हल्ला अडवू शकत होती. पण नुसती वर्गणी पुरत नाही. तो संरक्षण-प्रोफाइल ग्लोबलप्रोटेक्टच्या इंटरफेसवर लावलेला हवा, आणि तिथेच अनेकांची गल्लत होते. वर्गणी नसेल तर व्हीपीएन तात्पुरतं बंद. शनिवारी घरून काम करणाऱ्यांची गैरसोय होईल, ती मी कमी लेखत नाही. पण हा निर्णय कोण घेणार, हे त्या रात्री फोनाफोनी करून ठरवायचं नसतं.

पुढची पायरी घाईत सुटते: हॉटफिक्स लावण्याआधी पुरावा जपायचा. Device > Support इथून टेक सपोर्ट फाइल तयार करून ती यंत्राबाहेर ठेवायची, शक्य असेल तर मेमरी आणि डिस्कची प्रतही. आधी पुसून मग शोधायला बसलो, तर शोधायला काहीच उरत नाही. त्यानंतर हॉटफिक्स, आणि मग तपासणी:

```
grep pattern "failed to unmarshal session(.\+.\/" mp-log gpsvc.log*
```

कंसात साधा, आकडे-अक्षरांचा ओळख-क्रमांक असेल तर ती निरुपद्रवी नोंद. तिथे `/opt/panlogs/tmp/device_telemetry/minute/` असा फोल्डरचा मार्ग दिसला, तर कोणीतरी दाराची कडी हलवून पाहिली आहे. समजा आपल्या कारखान्याला ७ एप्रिलची अशी एक ओळ सापडली. ही घुसखोरी झाली का? अजून सांगता येत नाही. नुसता प्रयत्न, रिकामी फाइल तयार होणं, कॉन्फिगरेशनची प्रत बाहेर जाणं आणि हल्लेखोराने प्रत्यक्ष आज्ञा चालवणं, अशा चढत्या पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर यंत्र मूळ स्थितीला नेऊन नव्याने उभारावं लागतं.

उलट, काहीच सापडलं नाही तर? लॉग फिरत राहतात, जुने पुसले जातात. उपलब्ध लॉग ५ एप्रिलपासूनचे असतील, तर अहवालात ‘घुसखोरी नाही’ असं लिहू नये. ‘५ एप्रिलपासून खूण नाही, त्याआधीचं माहीत नाही’ असं लिहावं. शिवाय हे हल्लेखोर खुणा पुसत होते. त्यांचं ‘अपस्टाइल’ हे मागचं दार व्हीपीएनच्या एरर-लॉगमधून आज्ञा वाचे, उत्तर एका सीएसएस फाइलमध्ये लिही, काही सेकंदांत ती फाइल पूर्ववत करी आणि लॉगमधली आज्ञेची ओळही काढून टाकी.

म्हणून फायरवॉलच्या पलीकडे बघावं लागतं. व्होलेक्सिटीने तपासलेल्या एका प्रकरणात फायरवॉलसाठी नेमलेल्या सर्व्हिस खात्याला गरजेपेक्षा फार मोठे हक्क होते. हल्लेखोर त्याच खात्याने आतल्या विंडोज सर्व्हरवर पोचले आणि सगळ्या वापरकर्त्यांच्या पासवर्ड-हॅशची NTDS.DIT ही फाइल घेऊन गेले. कारखान्यातल्या त्या दोघांनीही २६ मार्चपासून त्या सर्व्हिस खात्याने कुठून कुठे लॉगिन केलं, हे सर्व्हरच्या नोंदींत पाहावं. फायरवॉलच्या पत्त्यावरून फाइल सर्व्हरवर लॉगिन दिसलं, तर शंका उरत नाही. आणि कॉन्फिगरेशन बाहेर गेल्याची शक्यता असेल, तर त्यातला प्रत्येक पासवर्ड, प्रत्येक खासगी की बदलायची. हॉटफिक्स लावला म्हणून चोरीला गेलेला पासवर्ड निरुपयोगी होत नाही.

आपल्याकडे एक घड्याळ कायद्याचंही आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस राखावे लागतात. फायरवॉलचे लॉग रोज दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणाऱ्याला २६ मार्चपर्यंत मागे जाता येतं. नाही पाठवले, तर ५ एप्रिललाच वाट संपते.

माझी मागणी साधी आहे. अशा तिकिटावर ‘पॅच लावला’ या चौकटीशेजारी दुसरी चौकट हवी: ‘कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तपासलं, आणि कशात.’ ती कोरी असेल, तर तिकीट उघडंच राहू द्यावं.