चालीचा आरंभ आणि स्वरांतराची ओळख

दोन स्वर कानी पडताच त्यांतील अंतर सांगता यावे म्हणून परिचित चालीचा आरंभ आठवावा, हा पाश्चात्त्य वर्गांतील जुना दस्तुर आता आपल्याकडील पेटीशिक्षकांच्याही परिचयाचा झाला आहे. आणि आंबागडसारख्या गावी, जेथे विद्यार्थ्याला स्वरलिपीच्या कितीतरी आधी चाल मुखोद्गत असते, तेथे ही तजवीज सोयीची वाटावी हे स्वाभाविकच होय. तथापि चालीतील नेमके कोणते दोन स्वर घ्यावयाचे, हे आरंभीच मुक्रर करावे लागते.

वाढदिवसाला घरोघरी म्हटली जाणारी इंग्रजी चाल घ्या. तिचे पहिले दोन स्वर एकच, मंद्र पंचम, असल्याने ते निरुपयोगी. पुढे धैवतास स्पर्श करून ती पंचमावर परतते व तेथून षड्जावर उडी घेते. ही उडी पाच अर्धस्वरांची. दुसऱ्या ओळीत तीच उडी रिषभापर्यंत, म्हणजे सात अर्धस्वरांची, आणि तिसरीत मध्य पंचमापर्यंत, म्हणजे पूर्ण सप्तकाची होते. एकाच स्थानावरून निघालेली तीन अंतरे शेजारी-शेजारी ऐकू येत असल्याने तुलनेस इतकी सोयीची चाल क्वचितच सापडेल. याउलट ‘जन गण मन’चा आरंभ षड्ज, रिषभ, गंधार असा पायरीपायरीने चढतो, त्यावरून एक स्वर दुसऱ्याहून एका पूर्ण स्वराने उंच आहे एवढे कळते, षड्ज-गंधाराच्या उडीची ओळख मात्र त्यातून पटत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. चाल आपला षड्ज बरोबर घेऊन येते. तानपुरा लावलेला असताना रिषभ व पंचम वाजवून पाहावे: अंतर पाच अर्धस्वरांचेच, परंतु विद्यार्थी वरचा स्वर पंचम म्हणून ओळखतो आणि बेधडक सात सांगून मोकळा होतो. आमच्या आपल्या पद्धतीत स्वर षड्जाच्या नात्यानेच कानात रुजतात, त्यामुळे या चुकीबद्दल विद्यार्थ्यास बोल लावणे अन्यायाचे होईल. उपाय एवढाच की, प्रथम तानपुरा थांबवावा. खालचा स्वर मनात पंचम मानून गुणगुणावा आणि वरचा षड्जासारखा विसावतो की नाही हे तपासावे. विसावला, तर अंतर पाचांचे. मग तानपुरा पुन्हा सुरू करून त्याच दोन स्वरांना रिषभ-पंचम म्हणून गावे. तानपुऱ्याची पंचमाची तार व जोडाचा षड्ज यांतही हेच अंतर अखंड वाजत असते, याकडे मात्र बहुतेक वर्गांत दुर्लक्षच होते. मालकंसासाठी पहिली तार मध्यमात लावली की तेच अंतर सातांचे होते. हा फरक डोळे मिटून सांगता येईपर्यंत नव्या चालीकडे वळू नये.

उतरत्या अंतरांस चढत्या चालीचा दाखला चालत नाही. त्यांचा सराव निराळाच ठेवावा.