मूर्च्छा : गर्दींतली आणि चढावरची

मूर्च्छा सगळ्या एकाच जातीच्या नसतात, हें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चोविसाव्या अध्यायांत सांगितलेलें आहे. मद व मूर्च्छा दोषांचा वेग ओसरतांच आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावांचून शमत नाहीं, असा तेथें भेद केला आहे. आजची कारणमीमांसा निराळी आहे. शिवाय हृदयविकारानें आलेली मूर्च्छाही पुष्कळदां मिनिटाभरांत आपोआप उतरते, आणि म्हणूनच ती घरच्या माणसांस फसविते.

पहिला, निरुपद्रवी प्रकार आम्हां बोरीवलीकरांना सकाळच्या चर्चगेटच्या गाडींत पाहावयास मिळतो. समजा, एकोणीस वर्षांची मुलगी एकादशीचा उपास धरून, केवळ चहावर, गर्दींत उभी आहे. तिला प्रथम जांभया येतात, मळमळतें, कपाळावर थंड घाम येतो. मग बोलणीं दुरून ऐकूं येतात, डोळ्यांपुढें अंधार येतो, चेहरा पांढरा पडतो आणि ती खालीं कोसळते. फार वेळ स्तब्ध उभें राहिल्यानें रक्त पायांत सांचलेलें असतें. त्यांत मज्जातंतूंच्या उलट्या प्रेरणेनें रक्तवाहिन्या सैल होतात व नाडी मंदावते. मेंदूस रक्त पोहोंचत नाहीं, म्हणून शुद्ध जाते. रक्त पाहून किंवा सुई टोंचतांना येणारी घेरी याच जातीची.

अशा वेळीं भोंवतालचीं माणसें दयाबुद्धीनें तिला बगलेंत धरून उभी ठेवितात, आणि नेमकें तेंच घातक. शरीर आडवें होणें हाच येथें खरा उपाय असतो. जागा करून तिला उताणें निजवावें, पाय हातभर उंच धरावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे. तोंडांत पाणी घालूं नये. कांदा हुंगविण्याचीही गरज नाहीं. हातपाय दोन-चार झटके देतात, त्यास लगेच अपस्मार समजूं नये. बहुधा मिनिट-दोन मिनिटांत ती डोळे उघडते. परंतु लगेच उभी केल्यास पुन्हां पडते, म्हणून दहा-पंधरा मिनिटें निजूंच द्यावें. ज्यांना पूर्वलक्षणें ओळखतां येतात, त्यांनीं तीं जाणवतांच खालीं बसावें. तें शक्य नसल्यास पायांवर पाय घालून मांड्या व पोट आंवळावें आणि मुठी घट्ट मिटाव्या. त्यानें रक्तदाब कांहीं क्षण सांवरतो.

आतां दुसरें उदाहरण घेऊं. बावन्न वर्षांचे एक गृहस्थ कान्हेरीच्या पायऱ्या चढतां चढतां, मधल्याच पायरीवर, कसलीही पूर्वसूचना न होतां पडले. हात टेकावयासही अवसर मिळाला नाहीं, म्हणून कपाळ फुटलें. मिनिटाभरांत सावध होऊन ते हंसूं लागले, व मंडळींनीं उन्हावर दोष ढकलला. सूनबाईंनीं मात्र आग्रह धरून त्यांना डॉक्टरांकडे नेलें. छातीला नळी लावतांच हृदयाचा एक वेगळा ध्वनि ऐकूं आला. ईसीजी काढला, आणि इकोच्या तपासणींत महारोहिणीच्या मुखाची झडप अरुंद झालेली आढळली. विश्रांतींत असें हृदय काम निभावून नेतें. चढावर स्नायू अधिक रक्त मागतात, पण अरुंद द्वारांतून तें पुरेसें बाहेर पडत नाहीं. हा प्रसंग झडप बदलण्याचा विचार करावयास लावणारा होता.

येथें एक सूक्ष्म भेद आहे. धांवून थांबल्यावर, उभें असतां आलेली घेरी बहुधा साधी असते. श्रम चालूं असतांना आलेली संशयास्पद मानावी. तसेंच निजलेल्या किंवा बसलेल्या स्थितींत शुद्ध जाणें, आधीं छातींत जोराची धडधड अथवा वेदना होणें, पूर्वींचा हृदयविकार, किंवा कुटुंबांत कोणी चाळिशीच्या आंत अकस्मात् दगावलेला असणें, यांपैकीं एकही गोष्ट असल्यास त्याच दिवशीं तपासणी व्हावी. ईसीजी तर प्रत्येक मूर्च्छेनंतर एकदां काढावा. तो निर्दोष आला म्हणजे हृदय निर्दोष ठरलें असें नव्हे, कारण ताल अधूनमधूनच बिघडतो. म्हणून चोवीस तास किंवा अधिक काळ आलेख घेणारें हॉल्टर यंत्र लावितात.

पडलेला मनुष्य हांकेस ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर ही मूर्च्छा नव्हे, हृदय थांबलें आहे असें समजावें. अधूनमधून आचका देणें म्हणजे श्वास नव्हे. १०८ ला फोन करण्यास एकास सांगून दुसऱ्यानें छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं, सुमारें दोन इंच खोल, मिनिटास १०० ते १२० दाब देत राहावें.

वृद्ध मंडळी रात्रीं लघवीस उठतांना पडतात, त्याचें कारण पुष्कळदां रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांत असतें. डॉक्टरांकडे जातांना त्या गोळ्यांची यादी न्यावी, आणि पडतांना ज्यानें पाहिलें त्यालाही बरोबर न्यावें; पडलेल्याला स्वतःला तें सांगतां येत नाहीं.