काळ्यांचे काले कोणी केले?

मैसूरच्या उत्तरेकडच्या औद्योगिक पट्ट्यात मेटगळ्ळी आहे. कन्नडमध्ये तिच्या नावात ळ आहे, मराठीतही आहे. पण कन्नडमधून मराठीत येताना हे नाव रोमन लिपीवरून आले, तर वाटेत Metagalli होते, आणि पलीकडे यंत्र त्याचे ‘मेटागल्ली’ करून ठेवते. गावाची गल्ली झाली. दोन्ही भाषांकडे जे अक्षर होते, ते मधल्या दुभाष्याने खाल्ले. याच परिसरात रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा नोटांचा छापखाना आहे. तिथे छापलेल्या प्रत्येक नोटेच्या भाषापट्टीत कन्नड आहे, मराठी आहे, एकूण पंधरा भाषा आहेत. नोटेवर जी सोय आहे ती नोट देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाच्या नावाला मात्र संगणकातल्या खतावणीत मिळत नाही, आणि ही तक्रार भावनेची नाही, पैशांची आहे.

एक उदाहरण मांडून घेऊ. कोल्हापूरकडचा एक मसालेवाला आपले ग्राहक देवनागरीत ठेवतो. मेटगळ्ळीतला त्याचा वितरक तेच ग्राहक रोमनमध्ये ठेवतो. रोज रात्री दोन्ही याद्या जुळवल्या जातात आणि दिवसभराची वसुली इकडून तिकडे जाते. कोल्हापूरच्या यादीत आहेत सविता ज्ञानेश्वर काळे. मैसूरच्या यादीत दोन नावे आहेत:

```
SAVITHA J KALE
SAVITA G KALE
```

यातली आपली सविता कोणती? मराठी वाचणारा माणूस म्हणेल, चौकशी करावी लागेल. यंत्र चौकशी करत नाही. ते ‘ज्ञानेश्वर’चे हिंदी वळणाने Gyaneshwar करते, कारण बाजारात मिळणारी बरीचशी लिप्यंतराची साधने हिंदीवर पोसलेली आहेत. मग आद्याक्षर घेते, आणि त्याच्या हाती SAVITA G KALE येते. दुसऱ्या ओळीशी तंतोतंत जुळणी, एका अक्षराचाही फरक नाही. पहिल्या ओळीशी दोन अक्षरांचा फरक. निकाल लागला, शंभर टक्के गुण देऊन लागला, आणि चुकीचा लागला.

कारण SAVITHA हे कर्नाटकी वळण आहे. तिकडे त साठी th लिहितात. ललिता Lalitha होते, भारती Bharathi होते. आणि ज्ञ साठी तिकडे J चालतो. बंगळूर विद्यापीठाच्या परिसराचे नाव Jnana Bharathi, त्यात या दोन्ही खुणा एका जागी सापडतात. काळेबाई मैसूरला राहायला गेल्या तेव्हा तिथल्या कारकुनाने त्यांचे नाव तिथल्या रीतीने लिहिले, त्यात त्याची काही चूक नाही. दुसऱ्या ओळीतल्या बाई आहेत सविता गणेश काले. काळे आणि काले ही दोन वेगळी आडनावे, पण Kale एकच.

थोडे थांबून हे नीट पाहण्यासारखे आहे. ज्ञानेश्वर या एकाच नावाचे आद्याक्षर महाराष्ट्रात D, हिंदी मुलखात G, मैसूरला J. नाव जुळवण्याच्या जुन्या पद्धतींपैकी साउंडेक्सचे पेटंट 1918 सालचे, अमेरिकेतले. ती पद्धत पहिले अक्षर जसेच्या तसे धरते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. तिच्या हिशेबी Dnyaneshwar म्हणजे D552, Jnaneshwar म्हणजे J552, Gyaneshwar म्हणजे G526. एकाच माणसाची तीन माणसे. उलट Kale आणि Kelly दोघेही K400. आमचे काळे आणि आयर्लंडचे केली सख्खे भाऊ. इंग्रजी आडनावांसाठी बेतलेला अंगरखा आहे तो. आपल्या अंगावर तो बसत नाही, तर दोष अंगाला का द्यायचा?

यावर ठरलेले उत्तर असे की सगळ्यांनी एकच रोमन स्पेलिंग धरावे, आधारवरचे. पण आधारवरचे स्पेलिंगही नोंदणीच्या टेबलावर कोणीतरी टंकलेलेच असते, आणि कर्नाटकातल्या कार्डावर सोबत कन्नड येते. काळेबाईंचा ळ तिथे सापडेलही. पण ते कन्नड नाव मसालेवाल्याच्या यादीत घेणार कोण? दुसरे उत्तर, मोबाइल नंबरवर जुळवा. हे बरे आहे, पण एकाच फोनवर सासू आणि सून दोघींची खाती असतात. तिथे नंबर दोघींना एक करून टाकतो आणि वेगळे करायला पुन्हा नावच लागते.

माझे म्हणणे सरळ आहे: रोमनवरून देवनागरी बनवणे बंद करा. ळ, ण, ट-त, ड-द हे भेद रोमनमध्ये येताना पुसले गेलेले असतात. पुसलेले परत काढता येत नाही, फक्त अंदाज करता येतो. उलट दिशा मोकळी आहे. देवनागरी नाव हाती असेल तर त्याची संभाव्य रोमन रूपे मोजता येतात. सविता: व साठी v किंवा w, त साठी t किंवा th, चार रूपे. ज्ञानेश्वर: ज्ञ ची dny, gy, jn, gn ही चार, श्व ची shw, shv, sw ही तीन, मिळून बारा. काळे: Kale आणि Kaale. गुणाकार शहाण्णव. संगणकाला शहाण्णव म्हणजे काहीच नाही. समोर नुसते आद्याक्षर असेल तर D, G, J तिन्ही चालू द्या. असे केले की मैसूरच्या यादीतल्या दोन्ही ओळी उमेदवार म्हणून पुढे येतात, आणि तेच हवे आहे. मग नंबर, पत्ता, मागची बाकी पाहा. एकच उरली तर जोडा. दोन उरल्या तर जोडू नका. ती जोडी सकाळी माणसासमोर ठेवा.

‘दोन उरल्या तर जोडू नका’ याला कार्यालयांत फार विरोध होतो. न जुळलेली नोंद व्यवस्थापकाला डोळ्यांसमोर दिसते, चुकीची जुळलेली दिसत नाही, म्हणून जुळल्याची टक्केवारी वाढवण्याचीच सगळ्यांना घाई. पण न जुळलेल्या नोंदीने फार तर एक दिवस जातो. चुकीच्या जोडीने काळेबाईंनी भरलेले चार हजार रुपये कालेबाईंच्या खात्यावर जमा होतात आणि काळेबाईंना तगाद्याचा निरोप जातो. कालेबाई तक्रार करत नाहीत, कोण करेल? हे ओळखायच्या खुणा आहेत: पावतीशिवाय जमा झालेली रक्कम, एका खात्यावर अचानक आलेले दोन पत्ते, आणि जुळवणीनंतर ग्राहकांची संख्या कमी होणे. म्हणून आधीची आणि नंतरची संख्या मोजावी, आणि पहिले काही दिवस यंत्राला फक्त जोड्या दाखवू द्याव्यात, बदल करू देऊ नये.

याहून वाईट एक प्रकार आहे, तो पैशांच्या हिशेबात सापडतच नाही. रोमन यादीला ‘मुख्य’ ठरवले की रात्रीची जुळवणी देवनागरी रकाना तिच्यावरून पुन्हा लिहून काढते. सकाळी कोल्हापूरच्या खतावणीत सविता काळे नसतात. ‘सविथा जे काले’ असतात. लिहिताना कोणी चुकलेले नसते आणि मूळ नाव कुठेच उरलेले नसते. पुढच्या रात्री तेच नाव मूळ म्हणून पुढे जाते. त्यामुळे देवनागरी रकान्याला बाहेरून लिहायची परवानगीच नको. दोन्ही यादींत दोन रकाने ठेवा, एक त्या माणसाने सांगितलेल्या लिपीतला, एक दुसरीकडे जसे टंकले गेले तसा, आणि जोडणी तिसरीकडे, दोन्ही खात्यांच्या क्रमांकांनी. ती एकदा माणसाने पक्की केली की नाव पुन्हा जुळवायची गरजच पडत नाही, मग कारकून Savitha लिहो की Sawita.