कपड्यांचे तीन ढीग

घरातला आजारी माणूस हिंडूफिरू लागला, की सगळ्यांचे लक्ष त्याच्या कपड्यांकडे वळते. चादरी, अभ्रे, अंगातले कपडे यांचा ढीग न्हाणीघरात येऊन पडतो आणि प्रश्न निघतो, 'यात काय घालायचं?' कुणी उकळते पाणी सुचवतो, कुणी पाण्यात ओतताच दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशक, तर कुणी क्लोरीनची बाटलीच घेऊन येतो. पण याच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. आपण मारायला निघालो आहोत तो आहे कोण? आणि तो ज्याच्या आश्रयाला बसला आहे, तो धागा कसला?

आपल्या मराठीत 'जंतू' हा शब्द फार ऐसपैस झाला आहे. हगवणीचा जंतूही त्यातच आणि खरजेचा किडाही त्यातच. मी भाषेचा मास्तर असल्यामुळे शब्दांचा हा गोंधळ एरवी चालवून घेतो. न्हाणीघरात मात्र तो महागात पडतो. कारण एकाला जे मारते ते दुसऱ्याला मारीलच असे नाही, आणि दोघांना न मारता कापडाला मात्र मारील, असेही पुष्कळ वेळा घडते.

गेल्या वर्षी माझा पुतण्या वसतिगृहातून सुटीला साताऱ्यास आला तो बोटांच्या बेचक्या खाजवीतच. डॉक्टरांनी पाहताक्षणी खरूज म्हणून सांगितले. पोरगा शरमेने अर्धा झाला होता. त्याच्या बरोबरीची मुले त्याच्या खाटेवर बसत नाहीशी झाली होती. वहिनींनी त्याची पेटी उघडून सगळे कपडे एका घंगाळात टाकले आणि क्लोरीनची बाटली उघडली. त्या कपड्यांत माझ्या आईने विणलेला लोकरीचा स्वेटर होता. आई जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या हातचे विणलेले एवढेच घरात उरले आहे.

"वहिनी, तेवढा स्वेटर बाजूला काढा," मी म्हटले.

"भाऊजी, किडे असले तर सगळ्यांत जास्त त्यातच असतील!" त्या म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण लोकर आणि रेशीम ही केसांसारखी, प्राण्यांच्या अंगची द्रव्ये आहेत. क्लोरीनचे द्रावण ती खाऊन टाकते. बाटलीतल्या तीव्र द्रावणात लोकरीचा धागा टाकून ठेवला तर काही तासांत तो विरघळून जातो. आमच्या महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे सहकारी हा प्रयोग मुलांना दरवर्षी दाखवतात. पातळ द्रावणात लोकर विरघळणार नाही, पण पिवळी पडेल, खरखरीत होईल आणि तिचा जीव जाईल.

शिवाय खरजेच्या बाबतीत त्या बाटलीची गरजच नव्हती. खरजेचा किडा माणसाच्या कातडीवर जगतो. कातडीपासून दूर तो साधारणपणे दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. ५० अंश सेल्सिअसच्या वर दहा मिनिटे ठेवले तर किडे आणि अंडी दोन्ही मरतात. म्हणजे येथे खरे औषध दोनच : उष्णता किंवा उपास. दुधासारखे होणारे जंतुनाशक पाण्यात घातले तर वास छान येईल, पण त्यावर विसंबू नये.

मग आम्ही त्या कपड्यांचे तीन ढीग केले.

पहिला ढीग सुती पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या कपड्यांचा : चादरी, पंचे, बनियन, अभ्रे. सूत ही वनस्पतीची देणगी आहे. तिला उकळते पाणीही सोसते. पूर्वीचे परीट भट्टी लावीत ती याच भरवशावर. अडचण असते ती रंगाची. म्हणून कपड्याची आतली शिवण गरम पाण्याने ओली करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावी. फडक्यावर डाग उमटला तर तो कपडा या ढिगात घालू नये.

दुसरा ढीग टेरिकॉट, पॉलिएस्टर, नायलॉन यांचा. यांना ६० अंशांचे पाणी चालते, उकळते नको. फार गरम पाण्यात पॉलिएस्टर मऊ पडते आणि तसेच पिळले तर पडलेल्या सुरकुत्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. म्हणून ते त्याच पाण्यात कोमट होऊ द्यावे आणि मग न पिळता निथळत टाकावे.

तिसरा ढीग लोकर, रेशीम, जरीकाम आणि ज्यांच्याविषयी शंका आहे अशा सगळ्यांचा. यांना पाणीच नको.

कपडा कशाचा आहे हे कळत नसेल तर आतल्या शिवणीतून एक धागा ओढून, चिमट्यात धरून, मोरीजवळ पेटवून पाहावा. सूत कागदासारखे जळते, वासही कागदाचा येतो आणि मऊ राखाडी राख उरते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडता येणारी काळी गोळी उरते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची टणक गुठळी होते. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. अशा वेळी त्यातला नाजूक धागा कोणता, ते पाहून ढीग ठरवावा.

आता पाणी. यंत्रावर ६० अंशांची खूण असेल तर प्रश्नच मिटला. वहिनींकडे ती सोय नव्हती. गीझरचे पाणी नळातून बादलीत पडेपर्यंत बरेच निवते, म्हणून आम्ही चुलीवरचा हिशेब केला. आठ लिटर खळखळ उकळलेले पाणी आणि चार लिटर नळाचे, साधारण २५ अंशांचे, एकत्र केले तर ७५ अंशांच्या आसपास पाणी होते. त्यात दोनएक किलो कोरडे सुती कपडे बुडवले की भांडे आणि कपडे मिळून थोडी ऊब खातात, तरी पाणी ६० च्या वर राहते. कपडे कोरडेच टाकायचे. आधी गार पाण्यात भिजवलेले ओलेचिंब कपडे टाकले तर हिशेब कोसळतो. भांडे धातूचे घ्यावे, कपडे लाकडी दांड्याने पूर्ण दाबावेत, वर झाकण ठेवून पंधरा मिनिटे हात लावू नये, आणि लहान मुलांना त्या वेळी मोरीकडे फिरकू देऊ नये. नंतर नेहमीप्रमाणे साबणाने धुऊन वाळवावेत. टेरिकॉटसाठी आम्ही सहा लिटर उकळते आणि सहा लिटर नळाचे, असे निम्मे निम्मे पाणी घेतले. ते ६० च्या आसपास येते.

तिसऱ्या ढिगाला उपास घडवला. स्वेटर, एक शाल आणि गोधडी प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बांधले. तीन दिवस पुरतात, पण आम्ही खात्रीसाठी आठवडा ठेवला. लोकरीचे वैर गरम पाण्याशी आहे, कारण तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्या माणसाचा स्वेटर पोराला होईल एवढा आकसतो. तो पुन्हा ओढून लांब होत नाही.

हे सगळे औषधाशी जुळवून करावे लागते. डॉक्टरांनी दिलेले मलम घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेखाली सर्वांगाला लावले आणि दुसऱ्या सकाळी आधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे धुतले. त्याहून जुने, पेटीत तीन दिवसांहून अधिक काळ पडून राहिलेले कपडे धुण्याची गरज नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात शेफील्ड येथे केनेथ मेलॅनबी या शास्त्रज्ञाने स्वयंसेवकांना खरजेच्या रोग्यांची न धुतलेली अंतर्वस्त्रे घालायला आणि त्यांच्या कांबळ्यांत झोपायला लावले होते. त्यांतल्या फारच थोड्यांना खरूज झाली. ती मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते. कपडे धुणे हे औषधाला जोड आहे, औषधाऐवजी नाही. पुतण्याला हे सांगितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. त्याचा स्वेटर नव्हे, तर त्या गर्दीच्या खोलीतला सहवासच कारण होता.

आणखी एक सांगायला हवे. औषध लागू पडले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. मेलेल्या किड्यांवरच कातडी चिडलेली असते. त्या काळात घाबरून रोज चादरी उकळू नयेत. चार आठवड्यांनंतरही नवे पुरळ उठत असेल, तर मात्र पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

क्लोरीनची बाटली मग कशाला? तिची जागा हगवण-उलटीच्या कपड्यांत आहे, तीही पांढऱ्या सुती कपड्यांवरच. हातमोजे घालून आधी घाण काढून टाकावी आणि कपडा साबणाने धुवावा, कारण घाणीवरच क्लोरीन खर्च होऊन जाते. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर दहा लिटर गार पाण्यात १०० मिलिलिटर घालून अर्धा तास भिजवावे आणि स्वच्छ खळबळून घ्यावे. पाणी गरम घेऊ नये. त्याने द्रावणाचा जोर उतरतो. जुनी, उन्हात राहिलेली बाटलीही निकामीच. आणि त्यात संडास साफ करायचे आम्ल किंवा अमोनिया चुकूनही मिसळू नये. विषारी वायू निघतो.

जुन्या बाजारातून घेतलेल्या कपड्यांना हेच तीन ढीग लागू आहेत. फक्त तिथे आधीचा धनी कोण हे ठाऊक नसते. अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणीत राहतात आणि त्यांची अंडी अधिक दिवस टिकतात, म्हणून पिशवीचा उपास दोन आठवड्यांचा करावा. ढेकूण मात्र उपासाला महिनोन् महिने जुमानत नाहीत. त्यांची शंका असेल तर लोकरीचा कपडा पिशवीत बांधून, उणे १८ अंशांच्या शीतकप्प्यात पुरे चार दिवस ठेवावा. सुती कपड्याला पहिल्या ढिगाचे पाणी पुरते. कपडा घरी आल्यावर इतर कपड्यांत मिसळण्यापूर्वीच हे करावे; एकदा कपाटात गेला, की ढीग एकाचा राहत नाही, घराचा होतो.